शेंगाचटणी बॅगेत भरण्यापूर्वी

प्रश्न: माझी मुलगी अकरावीत आहे. विद्यार्थी विनिमय कार्यक्रमातून ती दहा आठवडे जर्मनीत, कासेल येथील एका कुटुंबात राहायला जाणार आहे. 29 ऑगस्टला रात्री 2.50 चे मुंबईहून फ्रँकफर्टचे विमान आहे. संस्थेने त्या कुटुंबाचा ई-मेल पत्ता दिला असून पोहोचण्याचे आणि आहाराचे तुम्हीच बोलून घ्या, असे सांगितले आहे. आम्ही शाकाहारी आहोत, अंडीही खात नाही. ज्यांना कधी पाहिलेही नाही त्यांना ‘न्यायला कोण येणार, जेवायला काय देणार’ असे विचारणे म्हणजे पाहुण्याने घरच्यांना हुकूम सोडल्यासारखे वाटते. काय लिहावे आणि कसे? भेट म्हणून शेंगाचटणी, कडक भाकरी आणि पेढे द्यायचे ठरवले आहे.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातला मला सर्वांत जास्त खटकलेला शब्द ‘हुकूम’ हा नाही, तर ‘रात्री’ हा आहे. त्यामुळे संकोचाचे नंतर पाहू. आधी तारखेचे पाहू.

आपण सोलापूरकर उजाडेपर्यंतच्या वेळेला रात्रच म्हणतो. विमान कंपनीच्या लेखी मात्र 29 ऑगस्टचे 2.50 म्हणजे शुक्रवार, 28 तारीख संपून तीन तासही झालेले नसतानाची वेळ. ‘29 ऑगस्टला रात्री निघेल’ असे वाक्य इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये जसेच्या तसे गेले, तर वाचणारा 29 ची संध्याकाळ उलटून गेल्यानंतरची रात्र धरतो आणि मुलगी रविवारी, 30 तारखेला सकाळी येणार असे समजतो. माझ्या हातून हीच चूक झालेली आहे. मी एका शाळेत जर्मन शिकवत असताना पहिल्याच तुकडीतल्या एका मुलाच्या यजमानांना मी स्वतः असे पत्र लिहिले. तो मुलगा विमानतळावर दोन बॅगा घेऊन उभा होता आणि यजमान आपल्या घरी निवांत होते, कारण त्यांच्या हिशेबाने तो दुसऱ्या दिवशी येणार होता. फोन लागला, ते धावत आले, सगळे नीट झाले. पण त्या चार तासांत मुलाच्या आईने मला जे ऐकवले ते योग्यच होते. तेव्हापासून मी निघण्याची वेळ कळवण्याच्या फंदात पडत नाही. यजमानांना फक्त उतरण्याची वेळ लागते. तीही वार, तारीख, चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ आणि ‘तुमच्या वेळेनुसार’ हे शब्द, अशी चारही अंगांनी लिहावी. ऑगस्टमध्ये जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. पहाटे 2.50 ला निघालेले विमान साधारण नऊ तासांनी, म्हणजे आपल्या 11.50 ला आणि तिथल्या 8.20 ला उतरेल. तिकिटावर उतरण्याची वेळ स्थानिक घड्याळानेच छापलेली असते, तेव्हा तिच्यात पुन्हा साडेतीन तास वजा करू नका. हीही चूक घरोघरी होते. (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. परतीच्या वेळी आणि रोजच्या फोनच्या वेळेसाठी ते लक्षात ठेवा.)

हाच घोटाळा आपल्या बाजूलाही होतो. तुम्हाला 28 तारखेच्या रात्री अकरा-साडेअकरापर्यंत विमानतळावर असायला हवे, म्हणजे सोलापूर 28 ला सकाळीच सोडायला हवे. सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी वंदे भारत दुपारी साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला पोहोचते, ती सोयीची आहे. 28 च्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालात, तर गाडी मुंबईत शिरेपर्यंत विमान जाऊन चार तास झालेले असतील.

आता ‘न्यायला कोण येणार’ याबद्दल. हा प्रश्न तसाच विचारला, तर ‘आम्ही येऊ’ एवढेच उत्तर येते आणि ते पुरेसे नसते. कासेल हे फ्रँकफर्ट विमानतळापासून आगगाडीने सुमारे दोन तासांवर आहे. त्यामुळे यजमान विमानतळावर येणार, की मुलीने आगगाडीने कासेलला जायचे आणि त्यांनी स्टेशनवर यायचे, हे आधी ठरायला हवे. दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि दुसऱ्या पद्धतीत काही कमीपणा नाही. तिथली सोळा वर्षांची मुले एकटीच गाडी बदलून प्रवास करतात आणि यजमानांच्या मनात ते सहज गृहीत असू शकते. तुमची मुलगी एकटीने सोलापूर-पुणेसुद्धा गेलेली नसेल, तर तसे मोकळेपणाने लिहा: ‘मी एकटीने आगगाडीचा प्रवास केलेला नाही, तेव्हा पहिल्या दिवशी विमानतळावर कोणी भेटू शकेल का? ते शक्य नसेल, तर मला कोणती गाडी, कोठून आणि कोठे बदलायची ते लिहून पाठवाल का?’ यात हुकूम कोठेच नाही. जे खरे आहे ते सांगून दोन्ही वाटा त्यांच्यापुढे मोकळ्या ठेवलेल्या आहेत.

आगगाडीचे ठरले, तर दोन गोष्टी नेमक्या विचारून घ्या. पहिली म्हणजे स्टेशनचे पूर्ण नाव. कासेलला मध्यवर्ती स्टेशन आहे, पण लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या तिथे न जाता कासेल-विल्हेल्म्सह्योहे या दुसऱ्या स्टेशनवर थांबतात. ‘कासेलला भेटू’ असे म्हणणे म्हणजे ‘मुंबईला उतर’ म्हणण्यासारखे आहे. दादरला, कल्याणला की सीएसएमटीला, हे सांगायला नको का? फ्रँकफर्ट विमानतळावरही लांब पल्ल्याच्या आणि जवळच्या गाड्यांची स्टेशने वेगवेगळी आहेत. दुसरी गोष्ट तिकिटाची. प्रेमळ यजमान पुष्कळदा स्वतःच स्वस्तातले आगाऊ तिकीट काढून ठेवतात. ते तिकीट बहुधा त्याच एका गाडीला बांधलेले असते. विमानाला उशीर झाला आणि ती गाडी चुकली, तर पुढच्या गाडीत ते चालत नाही. विमान उतरल्यावर पासपोर्ट तपासणी, बॅगा आणि कस्टम्स यांत एक ते दीड तास जातोच. म्हणून गाडी उतरण्याच्या वेळेनंतर किमान तीन तासांनी असावी, किंवा कोणत्याही गाडीत चालणारे तिकीट घ्यावे आणि वरचे पैसे आम्ही देऊ, असे आधीच कळवावे.

आणखी एक लहानशी वाटणारी, पण कामाची गोष्ट म्हणजे घराचा पत्ता. तिथल्या इमारतींत आपल्यासारखे फ्लॅट नंबर सहसा नसतात. दारावरच्या घंटीच्या बटणाशेजारी कुटुंबाचे आडनाव लिहिलेले असते आणि तोच पत्ता. नवरा-बायकोची आडनावे वेगळी असू शकतात, म्हणून ‘घंटीवर कोणते नाव आहे?’ हे जरूर विचारा. इमिग्रेशनच्या खिडकीवर ‘कोणाकडे राहणार?’ असे विचारले जाते, तेव्हा हाच पत्ता आणि यजमानांचा फोन क्रमांक कागदावर हवा. मोबाइलची बॅटरी आणि परदेशी सिम या दोघांचा भरवसा त्या क्षणी धरू नये.

आता आहाराकडे येते आणि येथे मला जास्त जागा लागेल.

‘आम्ही प्युअर व्हेज आहोत’ हे वाक्य सोलापुरात पाटीवर वाचून कोणालाही कळते, जर्मनीत ते दोन उलट दिशांनी चुकते. तिथे शाकाहारी म्हणजे मांस न खाणारा. अंडी त्यात येतात आणि काहींच्या मते अधूनमधून मासाही चालतो. उलट ‘प्युअर’ या शब्दावर कोणी जास्त विचार केला, तर त्याला वाटते की मुलगी व्हीगन असावी. मग यजमानीण मुद्दाम ओटचे दूध आणि सोयाचे दही आणून ठेवते आणि दुधाचा चहा व दहीभात मनापासून आवडणारी मुलगी आठवडाभर संकोचाने गप्प राहते. म्हणून लेबल लावूच नका, पदार्थ लिहा. जे खाते ते आधी: दूध, दही, लोणी, चीज, भात, डाळी, सर्व भाज्या, बटाटे, पाव, फळे, सुकामेवा. मग जे खात नाही ते: मांस, कोंबडी, मासे, अंडी, मांसाच्या पाण्यात केलेले सूप आणि जिलेटीन. हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे. खाणाऱ्या गोष्टींची यादी लांब दिसली, की यजमानांच्या जिवात जीव येतो. नकारांनी सुरुवात केली, तर ‘हिला आता घालायचे काय?’ या विचारानेच ते बिचारे घाबरतात.

हे लिहिण्यापूर्वी घरात एक बैठक करा, कारण पुढचे प्रश्न यजमान विचारतील आणि त्यांची उत्तरे तुमच्याकडे तयार नसतील. केकमधले अंडे चालते का? जर्मन घरांत रविवारी दुपारी कॉफीबरोबर घरी केलेला केक असतो. घरातली आजी तो प्रेमाने करते आणि त्यात अंडी असतातच. काही घरांत ‘आम्लेट नको, केक चालेल’ असे असते, काहींत केकही नको. दोन्हींत गैर काही नाही, पण मुलीने पहिल्या रविवारी आजीसमोर ताटली सरकवायची वेळ येऊ नये. चीजचेही तसेच आहे. काही चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने लावलेली असतात. पार्मेजान तर नियमानेच तशी असते. पाकिटावर हे नेहमी लिहिलेले नसते, म्हणून तुम्हाला ते चालणार नसेल, तर कोणती चीज टाळायची ते नाव घेऊन सांगावे लागेल. चालणार असेल, तर हा विषय काढूच नका. तिसरा प्रश्न भांड्यांचा. ज्या तव्यावर सॉसेज भाजले, तो घासल्यावर त्यावर भाजी केलेली चालेल का? वेगळा तवा हवा असेल, तर मुलीने तो स्वतः तिथे विकत घ्यावा आणि स्वतः घासावा. तसे पत्रात लिहिले, तर ती मागणी राहत नाही.

कांदा-लसूण वर्ज्य असेल किंवा ती श्रावणी सोमवार, चतुर्थी धरत असेल, तर तेही कळवा. सोळा वर्षांची परकी मुलगी एखाद्या सोमवारी जेवत नाही असे दिसले, तर तिथल्या घरात पहिला विचार आजाराचा किंवा रुसव्याचा येतो. ‘या दिवशी मी दिवसा फळे, दही आणि उकडलेला बटाटा खाते व संध्याकाळी जेवते’ एवढे एक वाक्य पुरते. साबुदाणा, वरई यांची अपेक्षा ठेवू नये.

तब्येतीमुळे वर्ज्य असलेले पदार्थ, धर्मामुळे किंवा मनाने वर्ज्य असलेले आणि नुसते न आवडणारे, असे तीन गट वेगळे ठेवा. पहिला गट असेल, तर तो पत्रात सर्वांत आधी, औषधाच्या नावासह. तिसरा गट लिहूच नये. दोडका आवडत नाही, हे कासेलला कळून उपयोग नाही.

युरोपीय संघाच्या नियमानुसार पाकिटावरच्या घटकांत 14 ॲलर्जीकारक पदार्थ ठळक अक्षरांत छापावे लागतात. अंडी, दूध, मासे, गहू, तीळ, मोहरी, भुईमूग हे त्यात येतात. म्हणजे अंडे शोधणे मुलीला सोपे जाईल. डुकराच्या किंवा गाईच्या कातडीपासून केलेले जिलेटीन मात्र त्या यादीत नाही. ते घटकांत असते, पण साध्या अक्षरांत. मुलांच्या रबरासारख्या गोळ्यांत आणि काही गोड दह्यांतही ते सापडते. जर्मनमध्ये अंड्याला ‘आय’ आणि जिलेटीनला ‘झेलाटिने’ म्हणतात. हे दोन शब्द मुलीने वाचायला शिकून घ्यावेत.

पत्र मुलीनेच लिहावे, तुम्हाला आणि संस्थेच्या समन्वयकांना त्याची प्रत जावी. आईने लिहिलेल्या पत्राला यजमान आईलाच उत्तर देतात आणि दहा आठवडे राहणारी मुलगी मधल्या मध्ये राहून जाते. इंग्रजीत किंवा तिला जमेल तशा जर्मनमध्ये लिहावे. मजकुराचा आशय साधारण असा असावा:

‘नमस्कार. माझे विमान शनिवार, 29 ऑगस्ट रोजी सकाळी 8.20 वाजता, तुमच्या वेळेनुसार, फ्रँकफर्टला उतरेल. विमानाचा क्रमांक सोबत देत आहे. मी साडेनऊ ते दहाच्या दरम्यान बाहेर येईन असे वाटते. मी एकटीने आगगाडीचा प्रवास केलेला नाही. विमानतळावर कोणी भेटू शकेल का, की मी गाडीने कासेलला यावे? गाडीने यायचे असेल, तर स्टेशनचे नेमके नाव आणि गाडी कळवावी. माझ्याजवळ एक मोठी आणि एक लहान बॅग असेल. चुकामूक झाली, तर मी कोठे थांबावे आणि कोणाला फोन करावा? तुमच्या घंटीवर कोणते नाव आहे?

मी दूध, दही, चीज, भात, डाळी, सर्व भाज्या, पाव आणि फळे खाते. मांस, मासे, अंडी आणि जिलेटीन मी खात नाही. मला कोणतीही ॲलर्जी नाही. माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा अशी माझी अपेक्षा नाही. तुमच्या जेवणातले जे मला चालते ते मी घेईन आणि आठवड्यातून एकदा सर्वांसाठी आमच्याकडचे जेवण करायला मला आवडेल. तुमच्या घरी जेवणाच्या वेळा काय असतात? घरात कोणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे का, किंवा कोणी काही खात नाही का? मी काही खाऊ आणणार आहे, म्हणून विचारते.’

जेवणाच्या वेळा विचारायचे कारण असे की, तिथे पुष्कळ घरांत गरम जेवण दुपारी असते आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास पाव, चीज, काकडी-टोमॅटो असे थंड ताट असते. हे माहीत नसलेली आपली मुले ‘आता जेवण येईल’ म्हणून एकच पाव खातात आणि रात्री उपाशी झोपतात. पत्र प्रवासाच्या चार आठवडे आधी जावे आणि उत्तर आल्यावर 26 तारखेच्या सुमारास उतरण्याची वेळ पुन्हा एकदा कळवावी. शनिवारी उतरत असल्यामुळे आहाराचा भाग उशिरा पाठवून चालणार नाही. जर्मनीत रविवारी किराणा दुकाने बंद असतात आणि शनिवारपर्यंत न आणलेली वस्तू सोमवारपर्यंत मिळत नाही.

पत्रातला शेवटचा प्रश्न मी सहज घातलेला नाही. आहाराचे म्हटले, की आपण काय खात नाही एवढेच आपल्याला सुचते. त्यांच्या घरात काय आणायचे नाही, हे विचारायचे राहून जाते. तुमचे पेढे तर घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत; पेढे, खवा, तूप कस्टम्सवर काढून टाकले जाऊ शकते. ताजा कढीपत्ताही रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाही. कडक भाकरी आणि चटणी यांना ती अडचण नाही, पण चटणीला दुसरी आहे.

भुईमुगाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला शेंगदाण्याचा अगदी थोडा अंशही धोक्याचा ठरू शकतो आणि आपली शेंगाचटणी म्हणजे तर खलबत्त्यात कुटलेला, तेल सुटलेला, डबा उघडताच बोटांना आणि ओट्याला चिकटणारा शेंगदाणा. घरात तसे कोणी असेल, तर चटणी, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, उपवासाचा चिवडा, सगळेच बाद. मग कारळाची किंवा जवसाची चटणी नेऊ, असे तुम्ही म्हणाल. पण ती त्याच खलबत्त्यात, त्याच मिक्सरच्या भांड्यात कुटलेली असते आणि तिच्यात शेंगदाण्याचा अंश राहतोच. विकतची घेतली, तरी चटणीवाल्यांकडे सगळ्या चटण्या शेजारीशेजारीच होतात. कडक भाकरीवर तीळ लावलेले असतात आणि तीळही त्याच चौदांत आहेत. अशा घरी खाऊ न नेता सोलापुरी चादर न्यावी. तिची ॲलर्जी मी तरी ऐकलेली नाही.

घरात कोणाला त्रास नसल्याचे उत्तर आले, तर चटणी जरूर न्या. सीलबंद पाकिटातली घ्या आणि त्यावर घटक इंग्रजीत छापलेले आहेत ना ते पाहा. ती तिखट असते हे मुलीने पहिल्याच दिवशी सांगावे आणि दह्यात किंवा लोण्यात कालवून द्यावी. उत्तर येईपर्यंत मात्र चटणीची ऑर्डर देऊ नका.